दर मिनिटाची बॅच आणि विंडो यांतला फरक

«स्ट्रीम प्रोसेसिंग म्हणजे दर मिनिटाला चालणारी बॅचच. विंडो म्हणजे त्या मिनिटामिनिटाचे तुकडे. आणि अचूक आकडे हवे असतील तर शेवटी रात्रीची बॅच लागतेच.» असा समज सर्रास ऐकू येतो. बॅच म्हणजे साठलेला डेटा एकदम हाताळणं, स्ट्रीम प्रोसेसिंग म्हणजे तो येत असतानाच हाताळणं.

या समजातल्या पहिल्या वाक्यात तथ्य आहे. अशा कामाची दोन साधनं पाहा. स्पार्कचं स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंग नेहमीच्या पद्धतीत आतून छोट्या छोट्या बॅचवरच चालतं. फ्लिंक एकेक नोंद येईल तशी हाताळतं. तरीही दोन्हींकडे विंडो आहेत आणि दोन्हींना एकच प्रश्न सोडवावा लागतो, कारण तो प्रश्न बॅच किती लहान आहे हा नाहीच. घटना घडली ती वेळ आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली ती वेळ, या दोन वेळा वेगळ्या असतात. दर मिनिटाला आलेला डेटा उचलणारा जॉब फक्त दुसरी वेळ पाहतो.

म्हणूनच दुसरं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. डिलिव्हरी ॲपचं उदाहरण घेऊ. दर पाच मिनिटांत किती ऑर्डर पोहोचल्या, ते मोजायचं आहे. १०:०० ते १०:०५ या विंडोतल्या दोन नोंदी, १०:०१ आणि १०:०४ च्या, लगेच पोहोचल्या. तिसरी ऑर्डर १०:०३ ला ग्राहकाकडे पोहोचली, पण डिलिव्हरीवाला तळघरातल्या पार्किंगमध्ये होता, रेंज नव्हती, आणि नोंद सर्व्हरवर आली १०:०६ ला. येण्याच्या वेळेवर तुकडे पाडले तर पहिल्या विंडोत दोनच ऑर्डर दिसतात आणि तिसरी पुढच्या विंडोत जाते. दोन्ही आकडे चुकतात, आणि एकूण बेरीज जुळते म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी विंडो घटनेच्या वेळेवर पडते. मग ती बंद कधी करायची? कधीच न संपणाऱ्या प्रवाहात ‘सगळं आलं’ असा क्षण येत नाही, म्हणून अंदाज बांधावा लागतो. त्या अंदाजाला वॉटरमार्क म्हणतात. समजा नियम असा ठेवला: आतापर्यंत दिसलेल्या सर्वांत नव्या घटनेच्या वेळेतून दोन मिनिटं वजा करा. १०:०५:३० ची घटना आली तेव्हा वॉटरमार्क १०:०३:३० वर असतो, म्हणजे विंडो उघडीच. १०:०६ ला उशिरा आलेली ती तिसरी ऑर्डर तिच्या योग्य जागी बसते. मग १०:०७:०५ ची घटना येते, वॉटरमार्क १०:०५ च्या पुढे सरकतो, आणि विंडो तीन हा आकडा बाहेर देते. १०:०४ ची आणखी एक नोंद १०:१२ ला उगवली तर? उशिराला दहा मिनिटांची सवलत ठेवली असेल तर विंडो सुधारित आकडा, चार, पुन्हा पाठवते. सवलत नसेल तर ती नोंद गळते किंवा वेगळ्या प्रवाहात काढता येते.

हा अंदाज फसतो, आणि तो दोन्ही बाजूंनी फसतो. एखाद्या फोनचं घड्याळ तासभर पुढे असेल तर वॉटरमार्क उडी मारतो आणि बाकी सगळ्यांच्या नोंदी उशिराच्या ठरतात. फ्लिंकमध्ये `numLateRecordsDropped` हा आकडा अचानक चढला की प्रथम हेच तपासावं. उलट बाजूला, फ्लिंककडे नोंदी पोहोचवणाऱ्या काफ्काच्या एखाद्या पार्टिशनमध्ये, म्हणजे त्याच्या समांतर प्रवाहांपैकी एकात, काहीच येत नसेल तर एकूण वॉटरमार्क त्या मागे राहिलेल्यापाशी अडतो, कारण तो सर्वांतला किमान धरला जातो. डेटा येत राहतो, पण निकाल बाहेर पडत नाहीत. अशा पार्टिशनला निष्क्रिय ठरवण्याची मुदत द्यावी लागते.

आता अचूकतेबद्दल. रात्री साडेबाराला चालणारी बॅचसुद्धा अर्धा तास थांबून ‘सगळं आलं’ असं गृहीतच धरते. तोही वॉटरमार्कच आहे, फक्त कोणी लिहून ठेवलेला नाही. साडेबारानंतर आलेली कालची नोंद कुठे जाते, हे आपल्या टीमला विचारून पाहा. शिवाय ग्राहक रात्री ११:५० ते १२:१५ ॲपवर असेल तर दिवसाच्या फायलीवर चालणारी बॅच त्याची एकच भेट दोन भेटी म्हणून मोजते. सेशन विंडो ठरावीक शांततेनंतरच मिटते, मध्यरात्र तिला दिसतही नाही.

यंत्र मध्येच बंद पडलं तर आकडे दुप्पट होतील ही भीती असते. फ्लिंक मोजणीची स्थिती आणि काफ्कातली वाचनाची जागा एकाच चेकपॉइंटमध्ये, म्हणजे ठरावीक काळानं घेतलेल्या प्रतीत, जपतं आणि तिथूनच पुन्हा सुरू होतं, त्यामुळे आतली मोजणी दुप्पट होत नाही. बाहेरच्या डेटाबेसमध्ये लिहिताना मात्र काळजी आपल्यालाच घ्यावी लागते: विंडोची सुरुवात किल्ली म्हणून वापरून जुन्या आकड्यावर नवा लिहिला की पुनरावृत्तीनं बिघडत नाही.

महिनाअखेरचं बिल, पगारपत्रक अशा कामांसाठी मीही बॅचच निवडीन. तिथे महिना संपायच्या आधीचा आकडा कोणी वापरत नाही, आणि चोवीस तास स्थिती सांभाळण्याचा खर्च फुकट जातो.