लीजचं भाडं करातून वजा होतं म्हणून लीज स्वस्त?

"मशीन लीजवर घ्या, पूर्ण भाडं खर्चात दाखवता येतं. विकत घेतलं तर १० लाख अडकतात."

भाडं वजा होतं हे खरं, पण विकत घेतल्यावर घसाराही वजा होतो. म्हणून दोन्हींची करानंतरची रक्कम मांडू. करदर २५ टक्के, कर्जाचा व्याजदर १२ टक्के. व्याजावरही कर वाचतो, म्हणून खरा दर ९ टक्के. भावी रकमांची आजची किंमत याच दराने काढायची. लीज हेही एक प्रकारचं कर्जच, म्हणून हाच दर.

समजा, वर्षअखेरीचं भाडं २.६० लाख, मुदत पाच वर्षं. करानंतर भाडं १.९५ लाख, आजच्या किमतीत एकूण ७.५८ लाख.

विकत घेतलं तर आज १० लाख जातात. १५ टक्के घटत्या शिलकीच्या घसाऱ्याने वाचलेला कर आजच्या किमतीत १.११ लाख. पाच वर्षांनी मशीन ४.४४ लाखांना, म्हणजे घसारा वजा जाता उरलेल्या किमतीलाच विकलं, तर त्याचे आजचे २.८८ लाख. निव्वळ खर्च सुमारे ६ लाख. इथे लीज दीड लाखाहून जास्त महाग पडली, भाडं २.०६ लाखांच्या आसपास असतं तर बरोबरी झाली असती.

व्याजाचे हप्ते वेगळे धरू नका. ते ९ टक्क्यांत आलेच आहेत. बहुतेक तक्ते इथेच चुकतात. सगळ्यात कच्चा आकडा पुनर्विक्रीचा. तो कमी धरून गणित पुन्हा करा. धंदा तोट्यात असेल तर करबचतच नाही, मग दर १२ टक्केच.