हळद-मिरीची कॅप्सूल आणि फिटची गोळी

«हळदीत मिरी घातली की हळद २००० टक्के जास्त लागू पडते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. मिरी प्रत्येक औषधाची पॉवर वाढवते. टीबीच्या गोळीत सरकारनेही ती घातली आहे, म्हणजे गोळ्यांचा डोस कमी करता येतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या मिरी खातोय, अपाय शून्य. हळद-मिरीची कॅप्सूल रोज एक घ्या. भीती वाटत असेल तर औषध आणि कॅप्सूल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. सगळ्यांना पाठवा.»

असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातला २००० हा आकडा खरा आहे. तो १९९८ साली बंगळूरुच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनातून आला. पण तिथे दुधात चिमूटभर हळद घातलेली नव्हती. निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं होतं. कर्क्युमिन हा हळदीतला पिवळा घटक आणि पायपरिन हा मिरीचा तिखटपणा. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. अर्धा चमचा हळद, म्हणजे दीडेक ग्रॅम धरली, तर त्यात जेमतेम ४५ मिलिग्रॅम. २ ग्रॅम भरायला पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल आणि तेवढी एका पेल्यात कोणी पीत नाही.

दुसरी गोष्ट मेसेजमधून गळून गेली आहे. नुसतं कर्क्युमिन घेतलेल्यांच्या रक्तात ते सापडेना, किंवा सापडलं तर नावापुरतं. जवळजवळ शून्याचे वीसपट केले तरी हाती थोडंच राहतं. पायपरिनसोबत जी वाढ दिसली तीही मुख्यतः पहिल्या तासाभरातली. शिवाय वाढलं ते रक्तात उतरणं. रक्तात जास्त उतरलं म्हणजे दुखणारा गुडघा तितकाच जास्त बरा झाला, असं त्या संशोधनाने म्हटलेलं नाही, कारण ते तपासलंच नव्हतं.

आता पॉवरबद्दल. मिरी औषधाला बळ देत नाही, ती शरीराची राखण ढिली करते. आपण गिळलेल्या काही औषधांचा बराचसा भाग आतड्याच्या भिंतीतून आत शिरायच्या आधीच परत बाहेर ढकलला जातो. हे काम पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप करतो. त्यातून सुटलेलं औषध आतड्यातली आणि यकृतातली एन्झाइम्स मोडतात किंवा लघवीतून टाकता येईल असं बनवतात. पायपरिन या पंपाला आणि त्यातल्या काही एन्झाइम्सना अडवतं. म्हणून जे औषध या वाटेने जातं त्याची रक्तातली पातळी वाढते आणि जे जात नाही त्याला मिरीने काहीच होत नाही. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९१ साली हे माणसांत दाखवलं. सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तदाबासाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यासाठी वापरलं जाणारं थिओफायलिन, दोन्हींची पातळी वाढली. थिओफायलिन थोडं जास्त झालं तरी मळमळ, धडधड, हातांना कंप सुरू होतो. त्याच्याहून जास्त झालं तर झटके येतात. इथे औषध वाढणं ही चांगली बातमी नाही.

टीबीच्या गोळीचं उदाहरण मेसेज लिहिणाऱ्याने दिलं ते बरं झालं, कारण ते नेमकं उलटं सांगतं. ती गोळी भारतात झाली. जम्मूच्या त्याच संस्थेचा तिच्यात हात होता. तिच्यात रिफाम्पिसिन नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आहे, सोबत आयसोनियाझिड ३०० आणि पायपरिन नेमकं १०. म्हणजे पायपरिन घालताना मूळ औषध आधी कमी केलं, मग त्या संपूर्ण गोळीची रुग्णांवर चाचणी घेतली, मग परवानगी मिळाली. प्रत्येक गोळीत पायपरिन तेवढंच असतं, एक मिलिग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. घरी कॅप्सूल सुरू करून स्वतःच्या अंदाजाने गोळी अर्धी करणं याच्याशी त्याचा संबंध नाही. टीबीत कमी डोस म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू वाढवणं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

माझी खरी काळजी फिटच्या गोळीची आहे. मी औषधाच्या दुकानात बसतो. फेनिटॉइनची स्ट्रिप घ्यायला येणारी माणसं वर्षानुवर्षं तीच असतात, आणि अलीकडे त्यांच्याच पिशवीत हळद-मिरीच्या कॅप्सूलची बाटली दिसते. फेनिटॉइनची पातळी रक्तात मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅममध्ये ठेवायची असते. खाली गेली तर फिट, वर गेली तर विषबाधा. ही पट्टी अरुंद आहेच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. बहुतेक औषधं शरीरात जितकी वाढतात तितकी शरीर ती जास्त झपाट्याने बाहेर टाकतं. फेनिटॉइनचं तसं नाही. यकृताची त्याला मोडण्याची रोजची एक कमाल ताकद असते आणि नेहमीचा डोस त्या कमालीच्या बराच जवळ असतो. पिठाच्या गिरणीसारखं समजा. दिवसाला जितकं दळण निघू शकतं त्याच्या जवळपास डबे रोज येतात. गिरणी जरा मंदावली की रांग थोडी वाढून थांबत नाही, दारापर्यंत जाते.

आकड्यांत पाहू. ६० किलो वजनाचा माणूस, रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन, यकृताची कमाल ताकद दिवसाला ४२० मिलिग्रॅम. अशा सरासरी माणसाची पातळी हिशेबाने १० वर स्थिरावते. आता ती ताकद १५ टक्क्यांनी घटली, म्हणजे ३५७ झाली. गोळी तीच, वेळ तीच. पातळी २१ वर जाते, म्हणजे दुप्पट. १५ टक्के हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, कॅप्सूलने प्रत्येकाचं इतकंच घटतं असं नाही. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांना पायपरिनचा २० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला, तेव्हाही पातळी वाढली होती, पण माफक. मात्र तो एक डोस होता. रोजच्या कॅप्सूलने पातळी चढायची असेल तर ती हळूहळू, एक-दोन आठवड्यांत किंवा त्याहून उशिरा चढेल, आणि तोवर कॅप्सूलचा संशय कोणालाच येणार नाही.

म्हणून लक्षणं ओळखता यायला हवीत. आधी डोळे: बाजूला बघताना बुबुळं थरथरतात, एकाचं दोन दिसतं. मग चाल बिघडते, पाय प्यायलेल्या माणसासारखे पडतात. बोलणं जड होतं, झोप येत राहते. वयस्कर माणसात घरचे म्हणतात, वय झालं, तोल जातो. असं दिसलं तर कॅप्सूल थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. फेनिटॉइन मात्र स्वतःहून अजिबात बंद करायचं नाही. ते अचानक तोडलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात. डॉक्टर रक्तातली पातळी तपासायला सांगतील. तो नमुना सहसा पुढची गोळी घेण्याआधी देतात.

पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, आणि स्वयंपाकघराला घाबरायचं कारण नाही. पण इथे एक सरळ हिशेब करा. मिरीत पायपरिन साधारण ५ टक्के. मी दुकानातल्या छोट्या काट्यावर दहा मिरे ठेवले तर अर्धा ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे २० मिलिग्रॅम पायपरिनसाठी आठ-दहा मिरे पुरतात. भाजीतला, आमटीतला मिरे तीन-चार जणांत वाटला जातो आणि पोटात अन्नासोबत जातो. कॅप्सूलमधला अर्क सहसा ९५ टक्के शुद्ध असतो आणि सगळा एकाच वेळी उतरतो. तरीही, मिलिग्रॅमच्या हिशेबात कडक मिऱ्याचा काढा कॅप्सूलपेक्षा कमी नसतो. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका चाचणीत मिऱ्याच्या सूपनेही फेनिटॉइनची पातळी वाढवली होती.

रोज थोडी मिरी खाणाऱ्याची गोळी त्याच जेवणावर बसवलेली असते, म्हणून तो सुखरूप असतो. धोका बदलात आहे. सर्दी झाली म्हणून आठवडाभर दिवसातून तीनदा मिऱ्याचा काढा, किंवा मेसेज वाचून आजपासून कॅप्सूल. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने पूरक गोळ्यांतून घेतलेल्या वेगळ्या काढलेल्या पायपरिनसाठी दिवसाला २ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. बाजारातल्या बऱ्याच हळद-कॅप्सूलमध्ये ते ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असतं. बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. ‘पायपर नायग्रम अर्क’ लिहिलेलं असलं तर ते हेच.

दोन तासांच्या अंतराचा सल्ला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांसाठी ठीक असतो, कारण त्या आतड्यात काही औषधांना चिकटतात आणि वेगळ्या घेतल्या की चिकटत नाहीत. एन्झाइम मंदावलं की असं होत नाही. जम्मूच्या त्या अभ्यासात सात दिवसांच्या पायपरिनने पुढे दिलेल्या औषधाचं वागणं बदललं. रोज घेणाऱ्याला घड्याळ बघून त्यातून सुटता येत नाही. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, थिओफायलिन, रक्त पातळ करणारी औषधं, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, यांपैकी काही चालू असेल तर पायपरिनची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कितीही अंतर ठेवलं तरी.

औषध काहीच चालू नसलं तरी एक गोष्ट मेसेजने लपवली आहे, ती यकृताची. अमेरिकेत औषधांनी झालेल्या यकृताच्या इजा नोंदवणाऱ्या गटाने हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेली दहा प्रकरणं प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात जावं लागलं, एक दगावला. तपासलेल्या सात गोळ्यांपैकी तीनमध्ये पायपरिन सापडलं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये असाच इशारा दिला आणि शोषण वाढवणाऱ्या गोळ्यांत धोका अधिक असू शकतो असं नमूद केलं. हे क्वचित होतं आणि काहींना त्यांच्या जनुकांमुळे धोका जास्त असतो असं दिसतं. पण लघवी गर्द पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक गेली असं झालं, तर त्याच दिवशी हळदीची कॅप्सूल बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

शेवटी, फिटची गोळी चालू असेल आणि वरची लक्षणं नसतील, तर हे वाचून कोणी आज रात्री कॅप्सूलची बाटली कचऱ्यात टाकू नये. सहा महिने कॅप्सूल आणि फिटची गोळी सोबत घेतली असेल, तर मधल्या काळात डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी कमी केली असू शकते, कॅप्सूलचं त्यांना माहीत नसतानाही. आता कॅप्सूल गुपचूप थांबवली तर यकृत पुन्हा वेगाने काम करेल, पातळी खाली जाईल आणि वर्षभर न आलेली फिट येऊ शकते. बाटली आणि गोळ्यांची स्ट्रिप दोन्ही एकाच पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. कधीपासून घेताय ती तारीख आठवत नसेल तर बाटलीच्या बिलावर असते.