तारा गेल्या, पट्टा राहिला: एका प्रतिक्रियेला उत्तर

"तुमच्या लेखाप्रमाणे सिलेक्शन, फेदर, हीलिंग सगळं केलं. तारा गेल्या, पण आकाशात पट्टे राहिले. १६ बिट करूनही काडीचा फरक नाही. हीलिंगच्या नादी लागण्यापेक्षा क्लोन स्टॅम्पने अर्ध्या वेळात काम झालं असतं. हे कधी मोठ्या आकारात बघितलंय का तुम्ही?"

फोटोतल्या आकाशातून खांबांवरच्या तारा फोटोशॉपने कशा काढायच्या, यावरच्या माझ्या लेखाला आलेली ही प्रतिक्रिया. फेदरबद्दलची चूक माझी. ५ पिक्सेल फेदर लिहायला नको होती, लेखात दुरुस्ती करतो. का ते खाली येईलच. पण आधी तुमच्या फोटोत पट्टे कसले आहेत ते ठरवू, कारण दोन वेगळ्या दोषांना आपण सगळेच सरसकट "बँडिंग" म्हणतो आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

सगळ्यांत वर एक Curves ॲडजस्टमेंट लेयर घ्या. तुमचं आकाश समजा १५० ते २०० या टोनमध्ये आहे, तर डावं टोक १४० वर आणि उजवं टोक २१० वर ओढा. आकाश भयानक दिसेल, तेच हवंय. झूम बरोबर १००% ठेवा. त्याहून लहान झूमवर फोटोशॉप जे दाखवतो तो अंदाज असतो, आणि त्यात नसलेले पट्टेही दिसतात. आता बघा: पट्टा तारेच्या झोळाबरोबर खाली वाकत जात असेल, तर ते बँडिंग नाही, तो हीलिंगचा माग आहे. तारांशी काही संबंध नसलेल्या, आकाशभर पसरलेल्या रुंद पायऱ्या दिसत असतील, तर ते खरं बँडिंग. तुमच्याकडे बहुधा दोन्ही असावेत.

आधी माग. तार ५ पिक्सेल जाड दिसत असली तरी तिचा पसारा तेवढाच नसतो. शार्पनिंगमुळे काळ्या तारेच्या दोन्ही बाजूंना ३-४ पिक्सेलची उजळ किनार येते. फोटो जेपेग असेल तर रंगाची माहिती बहुतेकदा कमी रिझोल्यूशनवर साठवलेली असते, त्यामुळे रंगाची झाकही तारेबाहेर सांडते. म्हणजे काढायचा भाग प्रत्यक्षात १३ पिक्सेलच्या आसपास जातो. सिलेक्शन तारेला चिकटून केलं की तार जाते, किनार राहते, आणि लांबून तीच फिकट रेघ होऊन दिसते. Select > Modify > Expand ने ४-५ पिक्सेल वाढवा.

आता फेदर. एवढ्या अरुंद पट्टीला ५ पिक्सेल फेदर दिली की कडेचे पिक्सेल अर्धे जुने, अर्धे नवे होतात. जुन्या अर्ध्यातून किनार परत येते, हे एक. दुसरं जास्त फसवं आहे: एकमेकांशी संबंध नसलेला दोन जागांचा नॉइज निम्मा-निम्मा मिसळला की तो सुमारे ७०% वर येतो. रंग जुळतो, टोन जुळतो, पण तिथला दाणा मऊ पडतो, आणि दाणेदार आकाशात ती गुळगुळीत पट्टी डोळ्याला लगेच खुपते. म्हणून फेदर ० किंवा फार तर १. ब्रशने करत असाल तर Hardness १०० च्या जवळ. कडा मिसळायचं काम हीलिंग स्वतः करतं, आपण वेगळी मऊ करायची गरज नाही. Healing Brush वापरणार असाल तर त्यातला Diffusion दाणेदार फोटोला कमी ठेवा.

लांब तारेला हाताने ब्रश फिरवण्यापेक्षा पेन टूल बरं. मोड Path ठेवा, Shape नाही. दोन टोकांना एकेक बिंदू आणि झोळाच्या तळाशी एक, एवढ्यात तार बसते. रिकामा लेयर घ्या, Spot Healing Brush ला Sample All Layers लावा, आकार १८ पिक्सेल. मग Stroke Path, त्यात Spot Healing Brush निवडा आणि Simulate Pressure ची खूण काढा, नाहीतर टोकांकडे ब्रश बारीक होत जाईल. या वेळी तपासणीचा Curves लेयर बंद असलाच पाहिजे. चालू राहिला तर त्याचा भडक टोन हीलिंगमध्ये कायमचा उतरतो. तारा जवळजवळ असतील तर एका वेळी एकच घ्या.

खांब किंवा छप्पर जवळ आलं की हीलिंग फसतं, त्याचं कारण तुमच्या क्लोन स्टॅम्पच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे. हीलिंग पोत एकीकडून आणतं आणि टोन मात्र भोवतालच्या कडेवरून आत पसरवतं. कडेला काळा खांब लागला की त्याचा काळेपणाही आत येतो आणि डाग पडतो. तिथे आकाशाच्या बाजूचं सिलेक्शन खांबाच्या कडेला बरोबर लावून घ्या. ते दुरुस्तीच्या जागेपेक्षा मोठं असू द्या. सिलेक्शनबाहेरचा रंग मग आत झिरपत नाही. शेवटचे १५-२० पिक्सेल तरीही क्लोन स्टॅम्पनेच करा, ते मान्य. पूर्ण तारेला मात्र क्लोन नको. क्लोन स्टॅम्प टोन जुळवत नाही, जसाच्या तसा चिकटवतो. आकाश वरून खाली उजळत जातं, आणि ४० पिक्सेल वरून घेतलेला तुकडा एकदोन पातळ्यांनी गडद असतो. आज दिसत नाही, कॉन्ट्रास्ट वाढवला की दिसतो.

आता खरं बँडिंग. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पातळ्या. तुमचं १५० ते २०० चं आकाश २,००० पिक्सेल उंच असेल तर ५० पातळ्या, म्हणजे प्रत्येक पायरी ४० पिक्सेल रुंद. एरवी कॅमेऱ्याचा नॉइज या पायऱ्यांच्या कडा विस्कटून टाकतो, म्हणून त्या दिसत नाहीत. नॉइज रिडक्शन जोरात चालवलं की झाकण निघतं. जेपेग उघडून Mode मध्ये 16 Bits/Channel केलं तरी पायऱ्या त्याच राहतात, फक्त आकडे मोठे होतात. मधल्या पातळ्या कुठून येणार? म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. रॉ फाइल असेल तर ती थेट १६ बिटमध्ये उघडा, आकाशावरचं नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग खाली आणा, आणि तारा काढून झाल्यावर उरलेलं करा.

फक्त जेपेगच असेल तर क्रम असा. १६ बिट करा, तारा काढा. मग सगळं एकत्र केलेल्या प्रतीवरून आकाश सिलेक्ट करून Ctrl+J ने वेगळ्या लेयरवर घ्या आणि त्याचे पारदर्शक पिक्सेल लॉक करा. नुसत्या सिलेक्शनवर ब्लर मारला तर तो बाहेरचं छप्परही ओढून आत आणतो. Gaussian Blur २०-३० पिक्सेल. इथे १६ बिटचा उपयोग होतो, कारण ब्लरमुळे तयार होणाऱ्या मधल्या पातळ्या साठवायला आता जागा आहे. ढग असतील तर हे चालणार नाही. ढग मास्कने वगळा. शेवटी Add Noise, Gaussian आणि Monochromatic, १% च्या आसपास, आणि हे ८ बिटमध्ये नेण्याआधी. ८ बिट झाल्यावर टाकलेला नॉइज आधीच तयार झालेल्या पायऱ्यांवर शिंपडला जातो, आधी टाकलेला त्या पायऱ्या नीट होऊच देत नाही. शिवाय सगळ्या आकाशाला एकाच वेळी दाणा मिळाल्याने तारांच्या जागचा मऊपणाही लपतो.

एवढं करूनही पायऱ्या दिसल्या तर मॉनिटरवर संशय घ्या. Info पॅनेल उघडून आकाशात कर्सर हळू खाली आणा. आकडे एकाआड एक मागेपुढे होत सरकत असतील तर फाइल ठीक आहे, पायऱ्या स्क्रीनच्या आहेत. आकडा लांबवर तसाच राहून एकदम एकाने बदलत असेल तर नॉइज कमी पडलाय, १.५% करून बघा.