पन्नासचे पैसे, बाराचे फोटो

सासूबाईंच्या पंचाहत्तरीचं औक्षण परवा झालं. त्याचा एकही धड फोटो माझ्या फोनमध्ये नाही. आहेत त्या 62 फोटोंच्या प्रत्येकी दोन-दोन फायली. शिवाय वर कायमची एक पट्टी आली आहे, 'जागा अपुरी'.

घर ठाण्यात पोखरण रोडला, सातव्या मजल्यावर. हॉलच्या मोठ्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात आणि श्रावणात ते असे हिरवे होतात की बिल्डरने जाहिरातीत दाखवलेली एकमेव खरी गोष्ट म्हणजे ते डोंगर, असं मी मानतो. पाट अर्थातच त्या खिडकीसमोर मांडला होता. म्हणजे सासूबाईंची पाठ उजेडाकडे आणि चेहरा अंधारात. समोर ताटात कणकेचे 75 दिवे. आमच्याकडे फोटो जावयाने काढायचे असतात, कारण जावई तसाही बसून असतो. लग्नाला अठरा वर्षं झाली, सासरच्या एकाही ग्रुप फोटोत मी नाही. पुढच्या पिढीला बहुधा वाटेल की सासूबाईंची मुलगी एकटीच यायची.

तर मी फोन रोखला आणि मागून आवाज आला, "जावईबापू, केवढ्याला घेतलात?"

बाळामामा. सासूबाईंचे धाकटे भाऊ, बँकेतून निवृत्त, आणि दुसऱ्याच्या वस्तूबद्दल अपार आस्था असलेले. मी फोनची किंमत सांगितली. त्यांनी स्क्रीनवर वर लिहिलेलं वाचलं. "12 एमपी? अहो, मागे तर 50 लिहिलंय! पन्नासचे पैसे मोजलेत आणि बाराचे फोटो काढता? थाळीचे पैसे भरून नुसता वरणभात खाण्यातला प्रकार झाला हा."

मी म्हणालो, "मामा, ते पन्नासच असतात. चार-चार ठिपके मिळून एक करतो फोन, म्हणजे कमी उजेडात..."

"म्हणजे चारांतले तीन तोच खातो!"

फोन एव्हाना त्यांच्या हातात गेला होता. कुणी 'अरे-तुरे' केलं असतं तर मी हिसकावून घेतला असता. पण 'जावईबापू' म्हणणाऱ्या माणसाच्या हातातून काही हिसकावता येत नाही. बँकेत लोक 'साहेब, साहेब' म्हणत त्यांच्याकडून कर्जं कशी मंजूर करून घेत असतील, ते मला तेव्हा कळलं.

मामांनी 50 वर बोट ठेवलं. मग त्यांना HDR दिसलं. "हे काय?"

मी सांगितलं की फोन एका दमात कमी-जास्त उजेडाचे तीन-चार फोटो काढतो. एकातून खिडकीबाहेरचे डोंगर घेतो, दुसऱ्यातून चेहरा, आणि एकत्र जोडतो. उजेडाकडे पाठ करून बसलेल्या माणसासाठीच आहे ते.

"म्हणजे भेसळ," मामा म्हणाले. "मागच्या दिवाळीत याच्यामुळे आमच्या नातवाला फुलबाजीसकट तीन हात आले होते. बंद!"

चीड येते ती याची, की मामा निम्मे बरोबर होते. ते तीन-चार फोटो निघेपर्यंत कुणी हललं तर जोडकामात भूत येतं. फिरत्या ताटाच्या ज्योती दुहेरी दिसू शकतात. पण सासूबाई पाटावर बसल्या होत्या, फुलबाजी घेऊन धावत नव्हत्या.

शेवटी RAW. "रॉ म्हणजे कच्चं?" मी हो म्हणालो आणि घात झाला. मामा गेली चार वर्षं लाकडी घाण्याचं तेल, बिनपॉलिशचा तांदूळ आणि कच्चा मध या पंथात आहेत. रिफाइंड हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी बाटली उन्हात धरून तेलाचा तळाशी बसलेला गाळ दाखवला आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "शुद्ध फोटो! आणि तुम्ही हे बंद ठेवता?"

मी म्हणालो, "मामा, कच्चं म्हणजे शिजवायचं राहिलेलं. रंग, डाग पुसणं, धार काढणं, काहीच केलेलं नसतं. ते नंतर आपण बसून करायचं."

"गाळ असणारच," मामा म्हणाले, "गाळातच सत्त्व असतं."

आणि औक्षण सुरू झालं.

मामांनी सासूबाईंच्या चेहऱ्यावर बोट टेकवून बटण दाबलं. फोनने त्या अंधाऱ्या चेहऱ्यापुरता उजेड मोजला. चेहरा दिसू लागला, पण खिडकीचा झाला पांढरा चौकोन आणि दिव्यांचे झाले पांढरे ठिपके. पुढच्या फोटोला फोन थांबून राहायचा, कारण एकेक रॉ फाइल 80 एमबीच्या आसपास आणि तिच्या जोडीला नेहमीची 15 ची. तो ते गिळेपर्यंत ताट पुढे गेलेलं असायचं. असे 62 फोटो निघाले आणि फोनमधली 6 जीबी संपली. नेमकं तेव्हा सासूबाई हसल्या.

रात्री मी चेहऱ्यावर झूम करून पाहिलं. गालावर रव्याचे दाणे पसरले होते आणि पैठणीचा काठ ओल्या रंगावर हात फिरवल्यासारखा. पन्नासच्या मोडमध्ये प्रत्येक ठिपका इवलासा, त्याच्या वाट्याला उजेड थोडा. भर दुपारी तलावपाळीवर उभं राहून पलीकडची पाटी वाचायची असेल तर तो मोड ठीक. पडद्याआडच्या हॉलमध्ये नाही.

मग स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये रॉ उघडली. साडीच्या अंधारातल्या चुण्या वर आल्या, अगदी पदराची नक्षी दिसली, हे कबूल करतो. ट्यूबलाइटचा हिरवट रंगही काढता आला. नेहमीच्या फायलीत तेवढं ओढलं असतं तर रंगाचे पट्टे पडले असते. पण येऊर काही परतलं नाही. सेन्सरचा ठिपका एकदा काठोकाठ भरला की पुढचं वाहून जातं. कच्च्यातही तिथे फक्त पांढरंच असतं. एका फोटोला वीस मिनिटं लागली. 62 गुणिले वीस हा हिशोब मी केला नाही.

तरी दोन रॉ फायली ग्रुपवर टाकल्या. नाशिकच्या मावशींचा निरोप आला, "उघडत नाही, व्हायरस आहे का?" त्यावर चौघांनी हात जोडले.

पाठोपाठ बाळामामांचा फोटो आला. त्यांच्या स्वतःच्या फोनवरून, तसाच कोपऱ्यातून काढलेला. सासूबाई हसताहेत, ज्योती सुट्या-सुट्या, मागे हिरवंगार येऊर, ढगासकट. अठ्ठावीस जणांनी बदाम पाठवले.

मी फोन केला. "मामा, तुमच्या फोनची सेटिंगं काय आहेत हो?"

"ती कुठे असतात मला काय ठाऊक? दुकानातून आणला तसाच आहे," मामा म्हणाले. म्हणजे 12 मेगापिक्सेल, HDR आपोआप, रॉ बंद. "फोनवर काही नसतं जावईबापू, हात लागतो. बरं, ताईला हा फ्रेम करून द्यायचाय, 18 बाय 12 इंच. मोठा होईल ना?"

झाला असता. 12 मेगापिक्सेल 18 इंचांवर पसरले तरी इंचाला सव्वादोनशेच्या आसपास ठिपके येतात, भिंतीवरच्या फ्रेमला पुष्कळ. फक्त ग्रुपवरून उतरवलेली प्रत चालत नाही, ती आकसून दोनेक मेगापिक्सेलची झालेली असते. मूळ फाइल मागवावी लागते. हे सगळं मी त्यांना नीट सांगितलं.

"मग नौपाड्यात तुम्हीच जाऊन या," मामा म्हणाले, "तुम्हाला त्यातलं कळतं."

शनिवारी जातोय. फ्रेमच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, पडद्याशेजारी, रिकामे हात पुढे धरून उभा असलेला एक अर्धा माणूस आहे. तो मी. मामांनी तेवढा भाग कापायला सांगितलाय.