‘अमक्याची आई’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “मुलाच्या नावाने हाक मारणं म्हणजे बाईचं नाव पुसणं, एवढंच. बाली बेटाच्या गोष्टी सांगून तुम्ही त्याला गोंडस केलंय. लेख लांबलाय आणि तुम्हाला स्त्रियांशी देणंघेणं दिसत नाही.”

नमस्कार.

लेख लांबलाय, मान्य. पण ‘देणंघेणं दिसत नाही’ हे वाक्य तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्या मनातलं ठरवून मोकळं होणं सोपं असतं. मतभेद अवश्य नोंदवा. माझ्या हेतूवर शिक्का मारायचा अधिकार तुम्हाला नाही.

आता तुमच्या ‘एवढंच’बद्दल. बालीतल्या सामान्य घरांत मूल झालं की आईबरोबर बापाचंही नाव वापरातून जातं. पहिल्या मुलाचं नाव सुक्रा ठेवलं असं धरा. त्या दिवसापासून बाप ‘पान सुक्रा’ आणि आई ‘मेन सुक्रा’. दोघांची नावं एकाच मुलावरून, त्यामुळे ते जोडपं म्हणून ओळखले जातात. पहिलं अपत्य मुलगी असली तरी नियम हाच. पुढे सुक्राला मुलगी झाली, तिचं नाव रिनी. आता सुक्रा स्वतः ‘पान रिनी’ होतो आणि त्याचे आईवडील ‘रिनीचे आजीआजोबा’. ‘पान सुक्रा’ ही हाक तिथेच संपते. एका तान्ह्या मुलीमुळे दोन पिढ्यांची नावं बदलतात. यात बाईचं तेवढं पुसलं गेलं, असं कुठे दिसलं तुम्हाला?

हे असं का, यावर हिल्ड्रेड आणि क्लिफर्ड गिअर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने 1964 साली लिहिलं, आणि मला ते पटतं. वडीलधाऱ्यांचं मूळ नाव लहानांच्या कानावर पडतच नाही, मेलेल्या पूर्वजाचं नाव उच्चारणं तर निषिद्धच. त्यामुळे तीनचार पिढ्यांत पणजोबाचं नाव घरात कुणालाच माहीत नसतं. मग कोण कुणाच्या थोरल्या शाखेतला, हा हिशोब मांडायला आधारच उरत नाही. माणसाची पत ठरते ती त्याच्या खाली किती पिढ्या आल्या यावरून. उलट तिथली उच्चकुलीन घराणी ही पद्धत सहसा पाळत नाहीत, कारण त्यांचा मानच मुळी वंशावळीवर उभा. ज्यांना पूर्वज लक्षात ठेवायची गरज त्यांनी नावं जपली, ज्यांना नव्हती त्यांनी सोडली. पुरुषसत्ता हे एकच उत्तर धरलं तर हा फरक समजतच नाही.

या पद्धतीत अन्याय आहेच, पण तो तुम्ही दाखवलात तिथे नाही. ज्यांना मूल होत नाही त्यांना लहानपणचंच नाव आयुष्यभर पुरतं, आणि समाज त्यांना पुरता मोठा झालेला मानत नाही. बाई आणि पुरुष, दोघांनाही. लेखात यावर अख्खा परिच्छेद होता. तो तुम्ही वाचलात का?

आणि स्त्रियांशी देणंघेणं म्हणाल, तर मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेली बाई आहे. घरात थोरली मी. माझ्या जन्मानंतर शेजारीपाजारी आईला ‘मंदीची आई’ म्हणायचे. भाऊ झाला आणि बघता बघता ती ‘सुरेशची आई’ झाली. मी तिथेच होते, थोरलीही होते, पण माझ्या नावाची गरज संपली होती. वडील मात्र पारावर, सोसायटीत, सातबाऱ्यावर स्वतःच्याच नावाने राहिले. माझी एक काकू, मूल नसलेली, शेवटपर्यंत ‘धाकट्याची बायको’ होती. हे मी कानांनी ऐकत मोठी झालेय. मला ते समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून सांगते, नाव मुलावरून पडलं एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. बापालाही तेच नाव मिळतं का, आणि पहिली मुलगी असली तर तिचं नाव टिकतं का, हे बघावं लागतं. माझ्या घराचं उत्तर दोन्हींना ‘नाही’ असं होतं. बालीचं दोन्हींना ‘हो’. अरबांत ‘अबू’ आणि ‘उम्म’ बाप-आई दोघांना लागतात, पण बहुधा थोरल्या मुलाच्या नावाने, आणि स्वतःचं नावही सोबत चालू राहतं. तिन्हींना एकाच वाक्यात गुंडाळायचं तर खुशाल गुंडाळा, पण मग माझ्या आईवर नेमका काय अन्याय झाला तेही तुम्हाला सांगता येणार नाही.

‘गोंडस’ या शब्दावर मी वेळ घालवणार नाही. पुढची प्रतिक्रिया लेख पुरता वाचून लिहिलीत तर उत्तर देईन, नाहीतर नाही.