परदेशातून : मंगळवारची सकाळ

"ताई, आईच्या डायलिसिसचं साहेबाला सांगितलं तर प्रमोशन गेलंच समज. नाही सांगितलं तर दांड्या मारतो म्हणतील. सांगू का नको?"
— चुलतभाऊ, वाळूज एमआयडीसीतून, घरच्या ग्रुपवर

सांग. पण आजवर सांगत आलास तसं नको. "आईची तब्येत ठीक नसते" म्हटलं की साहेबाला न संपणाऱ्या सुट्ट्याच दिसतात. डायलिसिसला वार असतो, वेळ असते. काकूंचं मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. गुरुवारी तुझी बायको जाते, शनिवारी भाचा. मग तुला हवी आहे ती फक्त मंगळवारची सकाळ. तेवढीच माग: मंगळवारी दुसरी शिफ्ट द्या, सोमवारी निघताना लाइनचं सगळं लिहून ठेवतो, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. कधी डायलिसिसची सुई टोचायचा हातातला फिस्टुला बंद पडेल, कधी बीपी उतरेल, ऐनवेळी पळावं लागेल. त्या दिवशी लाइन कोण बघणार, त्याला विचारून त्याचं नाव आधीच दे. बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाक.

काका लिहितात, आईबापांच्या पालनपोषणाचा २००७चा कायदा आहे, साहेबाला नाही म्हणताच येत नाही. कायदा आहे, पण तो मुलांना बांधतो. आईबापांना महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत द्यायला लावतो. कंपनीनं मुलाला वेळ द्यावा, असं त्यात कुठंही नाही. माझा संताप तिथंच आहे. श्रावणबाळाच्या गोष्टी सांगायच्या आणि हजेरीपटावर त्याला गैरहजर मांडायचं! इथं मँचेस्टरात ६ एप्रिल २०२४ पासून घरच्या आजारी माणसाची काळजी घ्यायला वर्षाला आठवडाभर रजा मिळते, बिनपगारी, अर्ध्या अर्ध्या दिवसानं घेता येते. साहेब ती महिनाभर पुढं ढकलू शकतो, नाकारू शकत नाही, पुरावाही मागू शकत नाही.

आत्या म्हणते, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कुणी रजा काढली होती? तिला उत्तर मिळायला हवं. माझ्याकडं ते नाही.

अण्णांचा पार्किन्सन मीही दोन वर्षं ऑफिसात लपवला. जिन्यात उभी राहून फोन घ्यायचे. वार्षिक आढाव्यात शेरा आला, कामात लक्ष नसतं. मग सांगितलं, तर मॅनेजरनं एवढंच विचारलं, कोणते दिवस? लातूरच्या डॉक्टरांची संध्याकाळी पाचची वेळ म्हणजे इथं उन्हाळ्यात साडेबारा. अर्धा दिवस टाकते आणि व्हिडिओवर बसते.

पण दादानं कुणाकडं अर्ज करायचा? दुकान त्याचंच. तो शटर ओढतो, त्या दिवसाचा गल्ला बुडतो. मला कायद्यानं दिलेली रजा आहे, अण्णांना धरणारा हात त्याचा आहे. हे मी त्याला अजून तोंडानं बोललेले नाही.

परवा गोळीची वेळ दहा मिनिटं टळली. अण्णा दारात थिजले, पाऊल उचलेना. दादानं फोन फळीवर ठेवला, त्यांचं मनगट धरून "एक, दोन" मोजायला लागला. मला फक्त छत दिसत होतं. मीही इथून मोजत होते.