‘गाडगे’चं ‘घाडगे’ कसं झालं: सन्मानचिन्हांच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

★☆☆☆☆ “पतसंस्थेच्या वार्षिक सभेसाठी ४२ सन्मानचिन्हं करायला दिली. नीट टाइप केलेली वर्डची फाइल दिली, तर म्हणे यांच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मग टायपिंगचे ४२० रुपये वेगळे लावले. एवढं करून गाडगे साहेबांचं ‘घाडगे’ आणि कोरे मॅडमचं ‘खोरे’! भर सभेत मान खाली घालावी लागली. जमत नसेल तर काम घेऊ नये.”

नमस्कार साहेब,

आधी आमची चूक. प्रूफ तुम्हाला पाठवलं होतं, पण शनिवारी रात्री अकराला, आणि तुमचा होकार यायच्या आत लेझर सुरू केला. सभा रविवारी सकाळी होती हे खरं असलं, तरी होकाराशिवाय मशीन लावायचं नाही हा नियम आमचाच आहे आणि तो मीच मोडला.

फाइल मात्र आमच्याकडे उघडल्यावर बिघडली नाही. ती टाइप होतानाच तशी झाली होती. तुमच्याकडच्या टायपिस्ट ताई इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करतात, नजर हातातल्या कागदावर ठेवून. त्या दिवशी कॉम्प्युटरचा कीबोर्ड मराठीवर नव्हता, टास्कबारच्या कोपऱ्यात ENG असणार. ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकदम दाबले गेले तरी अनेक मशीनवर भाषा बदलते. इनस्क्रिप्टमध्ये ‘प’ h च्या कळीवर असतो, ‘ल’ n वर, काना e वर. म्हणजे बोटं बरोबर ठिकाणी पडत होती, फक्त स्क्रीनवर मराठीऐवजी इंग्रजी उमटत होतं. (४२ नावांत बोटाची म्हणावी अशी एकही चूक नाही. ताईंना आमच्याकडून दाद कळवा.)

आमच्या ऑपरेटरला आधी वाटलं, जुन्या फॉन्टची फाइल आहे. आमच्या धंद्यात हे रोजचंच: कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेलं येतं, फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरं दिसतात आणि योग्य फॉन्ट लावला की मराठी उमटतं. त्याने वीसेक मिनिटं फॉन्ट लावून पाहिले, काही जुळेना. मग मी ‘विजय’ शोधला. कृतीदेवमध्ये विजय fot; असा दिसतो, कारण तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात. तुमच्या फाइलमध्ये Bfp/ होतं. वेलांटी दोन्हीकडे f वरच, पण इथे ती अक्षरानंतर आलेली. शिवाय शब्दांच्या मधोमध [ आणि / दिसत होते, इनस्क्रिप्टमध्ये तिथे ‘ड’ आणि ‘य’ बसतात. तेव्हा कळलं की हा फॉन्टचा मामला नाही, कीबोर्डचा आहे.

त्यातून मराठी काढायला सॉफ्टवेअर लागत नाही. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर घ्यायचा, फाइल शेजारी उघडी ठेवायची आणि दिसेल तीच कळ दाबत जायचं. अक्षर मोठं असेल तर शिफ्टसकट. ४२० रुपये त्या कामाचे होते. आडनावांच्या रकान्यातून हे बाहेर आलं:

```
MeNgxKs   शाळुंखे
He’rn     फाटील
Ie[is     घाडगे
Kajs      खोरे
```

साळुंख्यांचे शाळुंखे आणि पाटलांचे फाटील ऑपरेटरने हसत हसत दुरुस्त केले. पुढच्या दोन ओळींवर तो थांबला नाही, कारण घाडगे आणि खोरे ही आडनावं असतात. आम्ही चुकलो ते नेमकं इथे.

गोंधळाचं मूळ वर्डच्या एका सोयीत आहे. इंग्रजी चालू असताना वर्ड वाक्याचं, आणि तक्त्यात प्रत्येक घराचं, पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं. इंग्रजीत h चा H झाला तर बिघडत नाही. पण इनस्क्रिप्टच्या हिशेबाने मोठं अक्षर म्हणजे शिफ्ट दाबलेली कळ, आणि क, ग, त, द, प, ब, ज यांची कळ शिफ्टसह दाबली की ख, घ, थ, ध, फ, भ, झ उमटतात. ‘स’चा ‘श’ होतो. ताईंनी ie[is असंच टाइप केलं होतं, वर्डने त्याचं Ie[is केलं आणि गाडग्यांना ‘घ’ चिकटला. उलट ज्यांचं नाव खरोखर ‘घ’ने सुरू होतं त्यांचंही पहिलं अक्षर मोठंच असणार. म्हणजे तक्त्यातल्या अक्षरांवरून दोन्हींत फरक करताच येत नाही, ती माहिती वर्डने पुसून टाकलेली असते. ‘व’ किंवा ‘न’ने सुरू होणाऱ्या नावांना हा धोका नाही. Bfp/ दाबल्यावर ‘ऴिजय’ येतं, मराठीत असलं अक्षरच नाही म्हटल्यावर ते विजय हे कोणालाही कळतं.

वर्डची आणखी एक खोडी अशी की, शब्दाच्या सुरुवातीला दोन मोठी अक्षरं दिसली तर दुसरं ते लहान करतं. ‘अशोक’ म्हणजे DMak, त्याचं Dmak झालं आणि आमच्याकडे ‘असोक’ आला. तो वेळीच सापडला. ‘असोक’ नावाचा माणूस नसतो ना!

आता मला सर्वांत लागलेली गोष्ट. तक्त्याच्या खाली ताईंनी एक ओळ लिहिली होती, ती आम्ही सूचना असेल म्हणून वाचायची राहू दिली:

```
Hufnx veb ie[is
```

सभेनंतर तुमचा फोन आला तेव्हा मी ती कळा दाबून पाहिली. ‘फहिलं नाव गाडगे’. ओळीच्या सुरुवातीचा ‘प’ वर्डने बिघडवला होता, पण गाडगे ओळीच्या शेवटी होते म्हणून त्यांच्या i ला हात लागला नव्हता. म्हणजे गाडगे की घाडगे याचं उत्तर आमच्याच स्क्रीनवर, तक्त्याखाली दोन बोटांवर होतं. कोऱ्यांसाठी असा पुरावा फाइलमध्ये कुठेच नव्हता, तिथे विचारण्यावाचून इलाज नव्हता आणि आम्ही विचारलं नाही.

दोन्ही पाट्या नव्या करून सोमवारी संध्याकाळी तुमच्या शाखेत पोचवल्या, त्यांचे पैसे घेतलेले नाहीत. ४२० रुपयेही परत केले आहेत, कारण अर्धवट वाचलेल्या कामाची मजुरी घेणं मला पटेना. राहिलेल्या ४० नावांत ज्यांची सुरुवात ख, घ, थ, ध, फ, भ, झ किंवा श ने होते अशी अकरा आहेत. ती यादी काल तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकली आहे. ताईंकडच्या मूळ हस्तलिखित कागदाशी ताडून एकेकासमोर बरोबर की चूक एवढं कळवा. फाइल पुन्हा टाइप करू नका, त्या कागदाचा फोटो चालेल. ज्या चुकल्या असतील त्या शुक्रवारपर्यंत बदलून देतो.